जुन्या क्लायंटकडे रेकमेंडेशन मागताना त्याचं काम आधी कमी करा

प्रश्न: मी कोल्हापुरात फ्रीलान्स कॅटलॉग आणि वेबसाइट डिझाइन करते. दीड-दोन वर्षांपूर्वी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं काम केलं होतं. तिथले मार्केटिंग मॅनेजर कामावर खूश होते. आता ते दुसऱ्या कंपनीत आहेत. त्यांना लिंक्डइनवर रेकमेंडेशनची रिक्वेस्ट पाठवून महिना झाला, काहीच उत्तर नाही. परत विचारलं तर चिकटपणा वाटेल का? की मीच लिहून पाठवू?

उत्तर:

महिनाभर उत्तर आलं नाही म्हणून ते नाराज आहेत असं धरून चालू नका. मी पुण्यात इंजिनिअरिंग कंपन्यांसाठी मॅन्युअल आणि कॅटलॉग लिहितो. त्यामुळे अशी विनंती मी करतोही आणि माझ्याकडेही ती येते. ज्याच्याकडे ती येते त्याच्या बाजूनं आधी बघा. दुपारी जेवणानंतर फोन हातात घेतला, लिंक्डइनचं नोटिफिकेशन दिसलं. नाव ओळखीचं, मनात भावनाही चांगली. उघडलं तर समोर रिकामी चौकट. इंग्रजीत लिहायचं, आपल्या नावानं जगाला दिसणार, आणि त्या कामात नेमकं काय काय झालं होतं ते आता धड आठवत नाही. मग माणूस ठरवतो, रविवारी निवांत लिहू. तो रविवार काही येत नाही. पुढे तर उशीर झाल्याची लाज वाटते आणि त्या लाजेपोटी तो विषयच टाळतो.

म्हणजे बहुतेक वेळा अडचण इच्छेची नसते, मेहनतीची असते. तुमच्या ‘रिक्वेस्ट’च्या एका बटणानं त्यांच्या डोक्यावर अर्ध्या तासाचं लेखनकाम टाकलं, आणि त्यासाठी लागणारी माहिती मात्र त्यांच्याजवळ नाही. कंपनी बदलली की जुना मेलबॉक्स हातचा गेला, त्यासोबत तुमचे सगळे मेल, पीडीएफ, करेक्शन्सही गेली. तो सगळा इतिहास आता फक्त तुमच्याकडे आहे. म्हणून परत विचारताना तो इतिहास तुम्ही घेऊन जायचा, त्यांनी शोधायचा नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. काही मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांनी व्हेंडरची जाहीर शिफारस करायची नाही असा नियम असतो. तुमचे मॅनेजर अशा कंपनीत गेले असतील तर ते गप्प राहतील, आणि ‘आमच्याकडे चालत नाही’ हे सांगायलाही त्यांना अवघड वाटेल. दुसरं, जुनी कंपनी सोडताना काही बिनसलं असेल तर तिथल्या कामाविषयी त्यांना जाहीर बोलायचं नसेल. या दोन्ही गोष्टी तुम्हाला बाहेरून कळणार नाहीत. म्हणून दुसऱ्यांदा विचारताना मेसेज असा हवा की त्यांनी पहिली रिक्वेस्ट पाहिलीच नसेल, पाहून लिहायचं राहिलं असेल किंवा लिहिताच येत नसेल, तिन्ही वेळा त्यांना उत्तर देणं सोपं जावं.

ते दुसरीकडे गेले हे एका अर्थानं तुमच्या फायद्याचंही आहे. तुमच्या बिलाशी, पुढच्या कामाशी त्यांचा आता संबंध नाही, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन जास्त. शिवाय रेकमेंडेशन कंपनी देत नाही, व्यक्ती देते. त्यामुळे तुमच्या प्रोफाइलवर त्यांच्या नावाखाली त्यांची आत्ताची ओळख दिसेल आणि सोबत ते तुमचे क्लायंट होते हेही येईल.

आता तयारी. लिंक्डइन उघडण्याआधी जुन्या मेलमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये त्या कामाचं नाव टाकून शोधा. दोन गोष्टी हव्या आहेत. एक, कामाआधी अडचण काय होती. दुसरी, त्यांनी स्वतः तेव्हा वापरलेले शब्द. फाउंड्रीच्या कॅटलॉगांचं मला माहीत आहे. बऱ्याच कॅटलॉगांत मालकांचा फोटो, मशिनरीची यादी आणि ‘क्वालिटी इज अवर मोटो’ एवढंच असतं. बाहेरच्या खरेदीदाराला मात्र वेगळंच हवं असतं: ग्रे आयर्न करता की एसजी आयर्नही, कुठल्या ग्रेडमध्ये, किती किलोपासून किती किलोपर्यंतचं कास्टिंग, मशिनिंग घरात की बाहेर. हे पानावर नसलं की प्रत्येक इन्क्वायरीला तेच तेच मेल लिहावे लागतात. समजा, तुम्ही ते कोष्टक दुसऱ्याच पानावर आणलं आणि मॅनेजरांनी तेव्हा लिहिलं होतं, ‘मॅडम, आता कस्टमर बेसिक विचारत नाहीत, थेट ड्रॉइंग पाठवतात.’ हे वाक्य म्हणजे तुमचं निम्मं रेकमेंडेशन आहे. ते त्यांनीच लिहिलंय, तुम्ही फक्त जपून ठेवलंय.

असं वाक्य सापडलं नाही तर ‘काम छान झालं’ या तेव्हाच्या कौतुकावर भागवू नका. कामातला एखादा प्रसंग आठवा. प्रदर्शनाच्या तोंडावर फोटो बदलावे लागले, छपाईआधी एका ग्रेडचं नाव चुकलेलं तुमच्या लक्षात आलं, असं काहीही चालेल. वाचणाऱ्याला खुबी अशाच बारीक गोष्टीतून कळते. ‘सिन्सिअर अँड हार्डवर्किंग’ तर शाळेच्या दाखल्यावरही असतं.

विचारायचं दोन टप्प्यांत. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेलवर साधी परवानगी, लिंक न देता. होकार आला की मगच लिंक्डइन. पहिल्याच मेसेजमध्ये लिंक टाकली की ते काम वाटतं. नुसता प्रश्न असला तर ‘हो, चालेल’ म्हणायला माणसाला क्षणभरही लागत नाही, आणि एकदा हो म्हटलं की पुढचं बहुतेक लोक करतातच. तुमच्या जागी मी असा मेसेज पाठवला असता:

‘नमस्कार सर, मी कॅटलॉगचं काम केलं होतं ती. नवीन ठिकाणी सगळं छान चाललं असेल. एक छोटी विनंती आहे. मी आता फाउंड्री आणि मशिनिंगवाल्यांचीच कामं जास्त घेते आहे. नवीन क्लायंट विचारतात, याआधी या क्षेत्रात कोणासाठी काम केलंय. त्या कॅटलॉगबद्दल तुम्ही लिंक्डइनवर तीन-चार ओळी लिहिल्या तर मला खूप उपयोग होईल. तुम्हाला आठवायला त्रास नको म्हणून सांगते: ग्रेड आणि वजनाचं कोष्टक आपण दुसऱ्या पानावर घेतलं होतं, आणि नंतर तुम्ही लिहिलं होतं की कस्टमर आता थेट ड्रॉइंग पाठवतात. एवढ्या एकाच गोष्टीवर लिहिलं तरी पुरे. नव्या कंपनीच्या नियमात बसत नसेल किंवा सध्या वेळ नसेल तर अगदी मोकळेपणानं सांगा, मला काही वाटणार नाही. मराठीत व्हॉइस नोट पाठवलीत तरी चालेल, मी टाइप करून तुम्हाला दाखवते.’

यात मागच्या रिक्वेस्टचा उल्लेख नाही, हे मुद्दाम. ‘मी महिन्यापूर्वी पाठवली होती’ म्हटलं की समोरचा आधी खुलासा देत बसतो. त्यांना ती आठवली तर तेच म्हणतील, ‘अरे हो, राहूनच गेलं.’

‘तीन-चार ओळी’ हे माप सांगणं गरजेचं आहे. लिंक्डइन तीन हजार कॅरेक्टरपर्यंत लिहू देतं, पण तेवढं कोणी वाचत नाही. प्रोफाइलवर सुरुवातीच्या काही ओळीच दिसतात, बाकीचं उघडून पाहावं लागतं. माप दिलं नाही तर लिहिणाऱ्याला वाटतं निबंध लिहायचा आहे, आणि निबंधाला कोणाकडेच वेळ नसतो. ‘एवढ्या एकाच गोष्टीवर’ हेही तसंच. तुमच्या दहा गुणांविषयी लिहायला सांगितलं तर कोणता आधी याच विचारात ते अडकतील.

नकाराची वाट मोकळी ठेवण्याला काहीजण घाबरतात, की आपणच पळवाट दाखवतोय. माझा अनुभव उलटा आहे. कंपनीचा नियम हे कारण तुम्हीच पुढे केलंत की ज्याला खरोखर जमत नाही तो ते वापरतो आणि पटकन कळवतो, तुमचा महिना वाचतो. ज्याला जमतं त्याला दडपण वाटत नाही. फक्त ही वाट एकदाच दाखवा. ‘जमलं तर बघा, नाही जमलं तरी हरकत नाही, तुम्ही बिझी असाल, सॉरी त्रास देतेय’ असं चार वेळा घोळवलं की विनंतीत लाचारी येते आणि समोरच्यालाही अवघडल्यासारखं होतं.

वेळ बघा. मार्च अखेर टाळा, दिवाळीचा आठवडा टाळा, आणि फाउंड्रीवाल्यांच्या बाबतीत आयफेक्ससारख्या प्रदर्शनाच्या आधीचे दिवसही टाळा. मार्केटिंगच्या माणसाला तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसते. प्रदर्शन संपल्यावर आठवड्याभरानं मात्र उत्तम वेळ असते. कॅटलॉग हा विषय तेव्हा त्यांच्या डोक्यात ताजा असतो.

होकार आल्यावर लिंक्डइनवर काय करायचं ते नीट बघा, इथे बारीक गोष्टी अडवतात. रेकमेंडेशन फक्त थेट कनेक्शनमधल्या माणसालाच देता येतं. तुम्ही रिक्वेस्ट पाठवू शकलात म्हणजे तुम्ही जोडलेल्या आहात, तो प्रश्न नाही. रिक्वेस्ट पाठवताना दोन रकाने येतात: Relationship आणि Position at the time. पहिल्यात ते तुमचे क्लायंट होते हा पर्याय निवडायचा. दुसऱ्यात ते काम करताना तुमचं पद काय होतं ते, आणि हे पद तुमच्या प्रोफाइलवरच्या यादीतून येतं. गोम इथेच आहे. बऱ्याच फ्रीलान्सरनी आपलं फ्रीलान्स काम प्रोफाइलवर पद म्हणून टाकलेलंच नसतं, फक्त जुनी नोकरी असते. मग रेकमेंडेशन त्या नोकरीखाली चिकटतं आणि वाचणाऱ्याला वाटतं हे कुठल्यातरी वेगळ्याच कंपनीबद्दल आहे. आधी ‘फ्रीलान्स कॅटलॉग डिझायनर’ असं पद सुरू झालेल्या वर्षासकट टाकून घ्या.

तुमची जुनी रिक्वेस्ट त्यांच्याकडे पडून असेल, पण त्यांना ती शोधायला लावू नका. त्यांना तुमच्या प्रोफाइलची लिंक पाठवा आणि सांगा की नावाखालच्या More मध्ये Recommend असा पर्याय आहे, तिथून थेट लिहिता येतं. पर्याय जागेवर नाही असं त्यांनी कळवलं तर फोन करून दोन मिनिटांत एकत्र बघा. वयानं मोठ्या क्लायंटच्या बाबतीत गाडी इथेच अडते, आणि ते स्वतःहून विचारत नाहीत.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मीच लिहून पाठवू का. पहिल्या मेसेजसोबत तयार मजकूर नको. तुम्हीच तुमची स्तुती लिहून त्यांच्याकडून सही मागताय असं दिसतं, आणि काही लोकांना ते खटकतं. पण आपल्याकडे फार वेळा उत्तर येतं, ‘तुम्हीच लिहून पाठवा, मी टाकतो.’ त्याला नाही म्हणू नका, तो होकारच आहे. मात्र मजकूर कच्चा ठेवा. त्यात त्यांनी प्रत्यक्ष म्हटलेलंच असू द्या, विशेषणं नकोत, आणि एक जागा रिकामी सोडा जी फक्त तेच भरू शकतील. उदाहरणार्थ, इंग्रजीत करण्याआधीचा मराठी कच्चा मसुदा असा:

‘आमच्या कॅटलॉगमध्ये मशिनरी भरपूर होती, पण ग्राहकाला हवी ती माहिती नव्हती. यांनी आधी आमच्या जुन्या इन्क्वायरी वाचायला मागितल्या आणि ग्रेड, वजन आणि मशिनिंगचं कोष्टक पुढे आणलं. त्यानंतर बेसिक प्रश्नांचे मेल कमी झाले, लोक थेट ड्रॉइंग पाठवू लागले. [इथे तुम्हाला आठवणारी कामातली एखादी गोष्ट] फाउंड्रीचा कॅटलॉग करायचा असेल तर मी यांचं नाव सुचवेन.’

कंसातली ती जागा महत्त्वाची आहे. ती भरण्यासाठी त्यांना मजकूर वाचावाच लागतो, आणि वाचता वाचता दोन शब्द बदलले जातात. मग तो मजकूर खऱ्या अर्थानं त्यांचा होतो. एका क्लायंटनं माझ्या अशाच रिकाम्या जागेत लिहिलं होतं की मी शॉप फ्लोअरवर जाऊन ऑपरेटरला विचारत असे. मला ते सुचलंच नसतं. नंतर फोन करणारे लोक नेमकं तेच वाक्य काढतात. कंस भरून आला नाही आणि ‘ओके, असंच टाकतो’ असं उत्तर आलं, तर तो कंस काढून टाकून स्वच्छ मजकूर पुन्हा पाठवायला विसरू नका. कंसासकट प्रोफाइलवर चढलेली रेकमेंडेशनं मी पाहिली आहेत.

भाषेची अडचण असेल तर व्हॉइस नोटची वाट सर्वांत सोपी. माणूस बोलताना अगदी नेमकं बोलतो, लिहायला बसला की कृत्रिम होतो. त्यांचं बोलणं ऐकून साध्या इंग्रजीत लिहा, त्यांच्या वाक्यांचा क्रम ठेवा, आणि वाचायला परत द्या. त्यांनी ‘ठीक’ म्हटल्यावर मजकूर त्यांनीच टाकायचा. त्यांचं लॉगिन घेऊन आपण टाकायचं नाही, कितीही घरचे संबंध असले तरी.

मजकुरात आकडे घालताना जपून. ‘एक्स्पोर्ट इन्क्वायरी दुप्पट झाल्या’ हे वाचायला छान, पण तो आकडा जुन्या कंपनीचा आहे आणि मॅनेजर आता तिथे नाहीत. तो जाहीर करायचा हक्क ना त्यांचा ना तुमचा. ग्राहकांची नावं, दर, टनेज यांचंही तेच. कंपनीचं नाव घ्यायला ते कचरत असतील तर ‘एक एसजी आयर्न फाउंड्री’ एवढं पुरतं. वाचणारा त्याच क्षेत्रातला असेल तर त्याला काम कळतं.

आठवण एकदाच करा, साधारण दहा-बारा दिवसांनी. नुसतं ‘सर, रिमाइंडर’ नको. तोपर्यंत त्यांनी हो म्हटलं असेल तर लिहा, ‘सर, तुमच्या सोयीसाठी मुद्दे परत खाली देते,’ आणि तेच दोन मुद्दे पुन्हा चिकटवा, म्हणजे त्यांना वर स्क्रोल करावं लागणार नाही. पहिल्याच मेसेजला उत्तर नसेल आणि निळ्या टिका दिसत असतील, तर एक आठवण करून विषय सोडा. तिसरा मेसेज खरोखर चिकटपणा ठरतो, आणि कोल्हापूरसारख्या ठिकाणी फाउंड्रीवाले एकमेकांना चांगले ओळखतात.

त्यांनी नियमाचं कारण सांगितलं तर लगेच दुसरं काही मागायला हरकत नाही: ‘मग कोणी नवीन क्लायंटनं विचारलं तर तुमचा नंबर देऊ का?’ माझं मत विचाराल तर इंजिनिअरिंग क्षेत्रात हे रेकमेंडेशनपेक्षाही भारी पडतं. मालक लोक प्रोफाइल चाळतात खरे, पण निर्णय घेण्याआधी फोनच करतात. फक्त नंबर देण्याआधी दर वेळी त्यांना कळवा की अमुक कंपनीचा फोन येईल.

रेकमेंडेशन आलं की ते आपोआप प्रोफाइलवर दिसत नाही, आधी तुमच्याकडे मंजुरीसाठी येतं. तेव्हा शांतपणे वाचा. तुमचं नाव, कामाचा प्रकार, साल यात चूक असेल तर दुरुस्तीची विनंती करा, तशी सोय तिथेच आहे. शैली आवडली नाही, अजून गोड हवं होतं, म्हणून परत पाठवू नका. व्याकरणाची एखादी चूक राहिली तर राहू द्या, मजकूर खरा माणूस बोलल्यासारखा वाटतो.

आणि त्याच आठवड्यात तुम्ही त्यांना उलट रेकमेंडेशन लिहू नका. प्रत्येक रेकमेंडेशनवर तारीख असते, दोन्ही प्रोफाइल बघणाऱ्याला देवाणघेवाण लगेच दिसते आणि दोघांच्याही शब्दांची किंमत उतरते. त्यांनी मागितलं तर जरूर लिहा, काही महिन्यांनी, आणि क्लायंट म्हणून ते कसे होते एवढंच: माहिती वेळेवर देत, करेक्शन्स एकाच फेरीत देत, जे खरं असेल ते. पुढच्या कामात सवलत वगैरे देऊ नका. आभाराचा एक मेसेज पुरे. त्यांच्या शब्दांमुळे पुढे एखादी इन्क्वायरी आलीच, तर तेव्हा त्यांना तेवढं कळवा.

पुढच्या कामांसाठी एक सवय लावून घ्या. छपाईची शेवटची फाइल गेल्यावर क्लायंट जो ‘मस्त झालंय’चा मेसेज पाठवतो, त्याच मेसेजला उत्तर देताना विचारा, ‘सर, हेच वाक्य लिंक्डइनवर टाकाल का?’ तेव्हा काम त्यांच्या टेबलावर असतं, शब्द त्यांनी नुकतेच लिहिलेले असतात, फक्त कॉपी करायचे असतात. शेवटचं बिल थकलेलं असेल तर मात्र आधी बिल, मग हा विषय. दोन्ही एकाच मेसेजमध्ये आलं तर दोन्ही लांबतात.